एकरकमी तडजोड : माफ झालेली रक्कम आणि न पुसली जाणारी नोंद

कर्ज फेडणे आणि कर्ज मिटवणे या दोन गोष्टी रोजच्या बोलण्यात एकमेकींच्या जागी वापरल्या जात असल्या, तरी बँकेच्या खातेवहीत त्या वेगळ्या आहेत, आणि कर्जदाराच्या पतविषयक नोंदीत तर त्यांच्यातील अंतर पुढे अनेक वर्षे टिकून राहते. फेडलेल्या कर्जात बँकेचे येणे पूर्णपणे वसूल झालेले असते. मिटवलेल्या कर्जात बँकेने येण्याचा काही भाग सोडून दिलेला असतो आणि उरलेल्या रकमेच्या बदल्यात आपला दावा मागे घेतलेला असतो. या दुसऱ्या प्रकारालाच एकरकमी तडजोड म्हणतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी या विषयावर जी चौकट घालून दिली, तिच्यानुसार तडजोड म्हणजे कर्जदाराशी वाटाघाटी करून बँकेचा संपूर्ण दावा रोख रकमेत मिटवण्याची व्यवस्था, ज्यात बँकेला येण्यातील काही रकमेचा त्याग करावा लागू शकतो आणि तेवढ्यापुरता तिचा दावा संपतो. व्याख्येतील ‘त्याग’ ही कल्पना येथे मध्यवर्ती आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत या त्यागाची किंमत कोण, केव्हा आणि कोणत्या रूपात मोजतो या प्रश्नाभोवती फिरते.

महाराष्ट्रात ‘एकरकमी’ हा शब्द अनेकांच्या कानावर प्रथम पडला तो शेतीकर्जाच्या संदर्भात. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपेक्षा अधिक थकबाकी असलेल्या शेतकऱ्याने वरची रक्कम स्वतः भरली, तर दीड लाखांचा भार शासन उचलेल, अशी तरतूद होती. त्या व्यवस्थेलाही एकरकमी परतफेड असेच म्हटले गेले; परंतु तेथे बँकेला मिळायचे ते, काही कर्जदाराकडून आणि काही शासनाकडून, मिळत होते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असलेल्या तडजोडीत असा तिसरा देणेकरी नसतो. सहकारी आणि सरकारी बँका जिला ‘सामोपचार योजना’ म्हणतात ती, आणि खासगी बँका व वित्तसंस्था थकीत वैयक्तिक कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी जो प्रस्ताव देतात तो, या दोन्हींत सोडलेली रक्कम हा बँकेचा तोटा असतो. शब्द एकच असल्यामुळे कर्जमाफी आणि तडजोड यांची गल्लत होते, आणि तडजोडीनंतर नोंदही कोरी होईल असा समज रुजतो. चर्चा नेमकी राहावी म्हणून येथे नोकरदार माणसाच्या विनातारण वैयक्तिक कर्जापुरताच विचार केला आहे.

कायद्याच्या दृष्टीने तडजोडीचा पाया भक्कम आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ६३ नुसार ज्याला येणे आहे तो ते पूर्णतः किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला वेगळा मोबदला मिळण्याची गरज नाही. कायदा करणाऱ्यांनी त्याच कलमाखाली दिलेले उदाहरण आजच्या तडजोडीला तंतोतंत लागू पडते : पाच हजारांचे देणे असलेल्या माणसाने दोन हजार दिले आणि समोरच्याने ते संपूर्ण देण्यापोटी स्वीकारले, तर सगळे देणे संपते. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत कमी रक्कम स्वीकारल्याने मोठे देणे आपोआप संपत नाही, असे तत्त्व होते. भारतीय कायद्याने त्या तत्त्वापासून जाणीवपूर्वक फारकत घेतली. म्हणून तडजोडीची रक्कम वेळेत भरल्यावर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा तगादा लावू शकत नाही, हे कर्जदाराने निःशंकपणे लक्षात ठेवावे.

मात्र करार अधिनियम देण्याविषयी बोलतो, नोंदीविषयी नाही. नोंदीचे क्षेत्र पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ या वेगळ्या कायद्याच्या कक्षेत येते. पतमाहिती कंपनी म्हणजे बँका आणि वित्तसंस्थांकडून प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची माहिती गोळा करून ती दुसऱ्या कर्जदात्यांना पुरवणारी संस्था. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे काम करतात. त्यांतील पहिलीचे नाव इतके रूढ झाले आहे की पतगुणांकाला लोक सरसकट ‘सिबिल’च म्हणतात. देणे संपवणारा कायदा आणि नोंद ठेवणारा कायदा यांच्यात असा कोणताही दुवा नाही की ज्यामुळे पहिल्याने देणे संपवताच दुसऱ्यानेही नोंद पुसावी. तडजोडीतील सर्वांत मोठा गैरसमज नेमका या सांध्यात जन्मतो.

हे एका कल्पित पण वास्तवाला धरून असलेल्या हिशेबाने पाहता येईल. एका नोकरदाराने पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज द.सा.द.शे. १६ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे १२,१५९ रुपये येतो. अठरा हप्ते नियमित भरल्यावर त्याने जवळपास २ लाख १९ हजार रुपये बँकेला दिलेले असतात. परंतु सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्यामुळे मुद्दल फक्त १ लाख ११ हजारांनी उतरलेले असते आणि सुमारे ३ लाख ८९ हजार रुपये बाकी राहतात. या टप्प्यावर नोकरी गेली आणि सोळा महिने एकही हप्ता भरता आला नाही, असे धरले, तर साध्या हिशेबाने व्याजाचे ८३ हजार आणि दंड, हप्ता परत गेल्याचे शुल्क, त्यांवरील कर वगैरे मिळून १८ हजार असे धरून बँकेची मागणी ४ लाख ९० हजारांवर पोहोचते. बँक निम्म्या रकमेवर, म्हणजे २ लाख ४५ हजारांवर, तडजोडीस तयार होते. सोडलेल्या २ लाख ४५ हजारांपैकी १ लाख १ हजार हे व्याज आणि शुल्क आहे, आणि उरलेले १ लाख ४४ हजार हे निखळ मुद्दल आहे, म्हणजे बँकेने प्रत्यक्ष हातातून दिलेला पैसा. पुढे ही नोंद वाचणारा दुसरा कर्जदाता या मुद्दलाच्या आकड्याकडे अधिक गंभीरपणे पाहतो, कारण व्याज बुडाले म्हणजे नफा बुडाला, पण मुद्दल बुडाले म्हणजे ठेवीदारांच्या पैशाला खार लागला.

बँक मुळात निम्म्यावर का येते, हे समजल्याशिवाय वाटाघाटीला दिशा मिळत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरते, म्हणजे त्यावरचे न मिळालेले व्याज बँकेला उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही आणि संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते. या बाजूला काढलेल्या रकमेला तरतूद म्हणतात. बँकांसाठीच्या प्रचलित नियमांनुसार विनातारण कर्ज अनुत्पादक झाल्यावर पहिल्या बारा महिन्यांत साधारणपणे २५ टक्के तरतूद करावी लागते, आणि बारा महिने उलटून ते ‘संशयित’ वर्गात गेले की विनातारण भागासाठी तरतूद शंभर टक्के होते. वरच्या उदाहरणात सोळाव्या महिन्यात कर्ज नेमके या दुसऱ्या वर्गात पोहोचलेले आहे. म्हणजे बँकेने त्याचा संपूर्ण तोटा आपल्या हिशेबात आधीच सोसलेला आहे आणि आता जे काही येईल ते तिच्या नफ्यात भर घालणारे आहे. सहाव्या महिन्यात दंडापलीकडे काही सोडायला तयार नसलेली बँक सोळाव्या महिन्यात मुद्दलही सोडते, यामागे दयाबुद्धी नसते किंवा कर्जदाराचे वाक्चातुर्यही नसते. तरतुदीचे गणित असते.

याच गणिताचा आधार घेऊन कर्जमुक्तीचे काही मध्यस्थ पगार चालू असलेल्या माणसालाही हप्ते मुद्दाम थांबवण्याचा आणि सवलत वाढण्याची वाट पाहण्याचा सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे, आणि त्याला घातक म्हणण्यात कोणताही संकोच असू नये. थांबलेल्या प्रत्येक महिन्याची नोंद पतअहवालात उमटत राहते, व्याज वाढत राहते, हप्त्यासाठी दिलेला धनादेश किंवा खात्यातून परस्पर वळती करण्याची अनुमती परत गेल्यास फौजदारी तक्रारीचा मार्ग बँकेला खुला असतो, आणि मध्यस्थाचे शुल्क मात्र तडजोड होवो वा न होवो, सुरुवातीलाच घेतले जाते. शिवाय ज्या सवलतीची वाट पाहिली जाते ती मिळेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की एकरकमी तडजोडीचा लाभ हा कर्जदाराचा हक्क नाही आणि उच्च न्यायालय बँकेला तशी तडजोड करण्याचा आदेश देऊ शकत नाही. निर्णय बँकेच्या व्यावसायिक विवेकाचा आहे.

तडजोड मान्य झाल्यावरही तिचे आयुष्य मुदतीवर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत ठरलेली रक्कम भरण्यास तीन महिन्यांपेक्षा अधिक अवधी दिला गेला तर ती व्यवस्था तडजोड न मानता पुनर्रचना मानली जाते आणि बँकेला वेगळे, अधिक कडक नियम लागू होतात. त्यामुळे बँका सहसा तीन महिन्यांच्या आतच पैसे मागतात. मुदत चुकली तर तडजोड रद्द होते, भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती होते आणि माफ धरलेले सर्व काही पुन्हा जिवंत होते. स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असेही ठरवले की मंजूर तडजोडीची मुदत बँकेच्या इच्छेविरुद्ध उच्च न्यायालयाला वाढवून देता येत नाही. म्हणून पैसे कोठून आणि कोणत्या तारखेला येणार हे निश्चित झाल्याखेरीज आकड्यावर सही करणे म्हणजे हाती जमवलेली रक्कमही गमावण्याची तयारी करणे होय.

येथे तडजोडीचा पहिला, डोळ्यांना दिसणारा खर्च समोर येतो. २ लाख ४५ हजार रुपये एकदम उभे करायचे, तर ते बहुधा घरातले सोने, भविष्य निर्वाह निधी, मुलांच्या नावाची ठेव किंवा नातेवाइकांची उसनवारी यांतून येतात. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम निवृत्तीपर्यंत वाढली असती, आणि ती वाढ हाही तडजोडीचाच खर्च आहे, जो कोणत्याही पत्रात लिहिलेला नसतो. नातेवाइकांकडून घेतलेल्या पैशाचा पतअहवालात उल्लेख होत नाही, पण ते देणे म्हणून उरतेच. सर्वांत वाईट मार्ग म्हणजे तडजोडीसाठी दुसरे महागडे कर्ज काढणे. त्यात जुन्या थकबाकीची नोंद तशीच राहते आणि नवी थकबाकी होण्याची शक्यता तेवढी वाढते. कराच्या बाबतीत वैयक्तिक गरजेसाठी घेतलेल्या कर्जाला फारशी चिंता नसते. व्यवसायासाठीचे कर्ज असेल आणि त्यावरील व्याज पूर्वी खर्च म्हणून वजा घेतले असेल, तर सोडलेले व्याज उत्पन्न ठरू शकते आणि त्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा लागतो.

दुसरा खर्च नोंदीत दडलेला असतो. पतअहवालात प्रत्येक कर्जखात्याचा स्वतंत्र तक्ता असतो. त्यात खाते उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, बाकी, थकबाकी आणि मागील ३६ महिन्यांपर्यंतचा महिनावार इतिहास असतो. या इतिहासातील प्रत्येक चौकोनात त्या महिन्याला हप्ता किती दिवस थकलेला होता तो आकडा किंवा खात्याचा वर्ग लिहिलेला असतो. पूर्ण फेडलेल्या खात्यासमोर Closed असे दिसते. तडजोडीने मिटलेल्या खात्यासमोर बाकी शून्य असली तरी Settled हा शेरा, तडजोडीची रक्कम आणि सोडलेल्या रकमेचा आकडा दिसू शकतो. बँकेने आपल्या हिशेबातून काढून टाकलेले पण न मिटलेले खाते Written-off, म्हणजे निर्लेखित, म्हणून दिसते. निर्लेखित केल्याने कर्जदाराची जबाबदारी संपत नाही; ती बँकेची अंतर्गत हिशेबपद्धती आहे. तिन्ही शेऱ्यांचा दर्जा सारखा नाही : पहिला निर्दोष, तिसरा सर्वांत वाईट, आणि ‘सेटल्ड’ या दोहोंच्या मधला.

पतगुणांकाविषयी मात्र अधिक काटेकोर बोलले पाहिजे. हा ३०० ते ९०० मधील आकडा असून तो काढण्याचे सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. त्यामुळे तडजोडीने गुणांक अमुक अंकांनी घसरतो असे छातीठोकपणे सांगणारे लेख विश्वसनीय मानता येत नाहीत. घटनाक्रम पाहिला तर निराळीच गोष्ट लक्षात येते. वरच्या उदाहरणातील माणसाच्या गुणांकाची मोठी पडझड तडजोडीच्या दिवशी होत नाही. ती पहिला, दुसरा, तिसरा हप्ता चुकला आणि खाते अनुत्पादक झाले तेव्हाच होऊन गेलेली असते. तडजोड ती पडझड थांबवते, कारण थकबाकीचा आकडा वाढणे बंद होते, पण आधीचे सोळा काळे चौकोन ती पुसत नाही आणि त्यांच्या वर एक दीर्घकाळ टिकणारा शेरा ठेवते. गुणांक पुढच्या नियमित व्यवहारांनी हळूहळू सावरू शकतो. शेरा तसा सावरत नाही. तो असतो किंवा बदलला जातो. आणि गृहकर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी आकड्यावर थांबत नाही, तो तक्ते उघडून वाचतो. अनेक कर्जदात्यांच्या अंतर्गत धोरणात ‘सेटल्ड’ खाते दिसताच अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा किंवा थेट नाकारण्याचा नियम असतो, मग गुणांक साडेसातशेच्या पुढे का असेना.

हा शेरा किती काळ राहतो, या प्रश्नाला ‘सात वर्षे’ असे ठरावीक उत्तर दिले जाते, आणि ते अर्धवट आहे. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या नियमांत सात वर्षांचा उल्लेख आहे तो माहिती किमान तेवढा काळ जतन करण्याच्या बंधनाचा. सातव्या वर्षाच्या शेवटी ती आपोआप नष्ट करावी असे बंधन त्यात नाही. किमान मर्यादेला कमाल मर्यादा समजून वाट पाहत बसलेल्या माणसाची म्हणूनच निराशा होते. याखेरीज ज्या बँकेशी तडजोड झाली तिच्यासाठी रिझर्व्ह बँकेने विरामकाळ ठरवला आहे : शेतीकर्ज सोडून इतर कर्जांच्या बाबतीत तडजोडीनंतर किमान बारा महिने त्या कर्जदाराला नवे कर्ज देता येत नाही, आणि बँकेचे धोरण हा काळ वाढवूही शकते. इतर संस्थांना हा नियम बांधत नाही, पण त्यांच्यासमोर तोच अहवाल उघडा असतो.

या नोंदीची किंमत रुपयांत मांडायची झाल्यास आपले उदाहरण पाच वर्षे पुढे न्यावे लागेल. तोच माणूस पुन्हा नोकरीत स्थिरावला आहे आणि त्याला २५ लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी हवे आहे. निर्दोष नोंद असती तर त्याला साडेआठ टक्के दर मिळाला असता आणि ‘सेटल्ड’ शेऱ्यामुळे मोठ्या बँकांनी नकार देऊन एका गृहवित्त संस्थेने अकरा टक्क्यांनी कर्ज दिले, असे गृहीत धरू. पहिल्या दराने हप्ता सुमारे २१,६९६ रुपये येतो आणि दुसऱ्या दराने २५,८०५ रुपये. फरक दरमहा ४,१०९ रुपये. साठ महिन्यांत तो २ लाख ४६ हजारांवर जातो, म्हणजे तडजोडीत माफ झालेली संपूर्ण रक्कम पाच वर्षांत व्याजाच्या वाटेने परत गेलेली असते, फक्त ती मूळ बँकेला न मिळता दुसऱ्याच संस्थेला मिळते. दर गृहीत आहेत आणि प्रत्यक्षात फरक कमीअधिक असेल. तरी माफीची रक्कम आणि पुढच्या महाग व्याजाची रक्कम एकाच पातळीच्या असू शकतात, एवढे या हिशेबातून निश्चित दिसते.

परंतु यावरून तडजोड नेहमीच तोट्याची, असा निष्कर्ष काढणे हा दुसऱ्या टोकाचा दोष ठरेल. तडजोडीची तुलना पूर्ण परतफेडीशी करण्याचा अधिकार त्यालाच आहे ज्याला पूर्ण परतफेड शक्य आहे. ज्याची कमाई आजाराने, वयाने किंवा व्यवसाय कायमचा बुडाल्याने परत येण्याची चिन्हे नाहीत, त्याच्यापुढचा खरा पर्याय वाढत जाणारी थकबाकी, दावा आणि शेवटी ‘निर्लेखित’ हा शेरा हाच असतो. त्याच्या तुलनेत ‘सेटल्ड’ हा शेरा बरा, आणि घरातील रोजची झोप परत मिळणे ही लहान प्राप्ती नव्हे. साठीच्या उंबरठ्यावरील माणसाला पुन्हा गृहकर्ज घ्यायचेच नसेल, तर वरच्या हिशेबातील अडीच लाखांचा भुर्दंड त्याला कधीच बसणार नाही. उलट पस्तिशीतील माणसाची अडचण सहा-आठ महिन्यांची असेल, तर त्याने तडजोडीकडे वळण्याआधी, आणि शक्यतो नव्वद दिवस उलटण्याआधी, पुनर्रचना मागितली पाहिजे. पुनर्रचना म्हणजे मुद्दल न सोडता मुदत वाढवून हप्ता लहान करणे. आपल्या उदाहरणातील ३ लाख ८९ हजारांची बाकी उरलेल्या ४२ महिन्यांऐवजी ८४ महिन्यांत फेडायची ठरली असती, तर त्याच दराने हप्ता १२,१५९ वरून सुमारे ७,७०० वर आला असता. एकूण व्याज वाढले असते आणि अहवालात पुनर्रचनेची नोंदही आली असती, पण त्यागाची नोंद आली नसती. हे दोन पर्याय एकाच माणसाला एकाच वेळी क्वचितच उपलब्ध असतात. पहिल्या दोन-तीन चुकलेल्या हप्त्यांच्या काळात बँकेचे दूरध्वनी टाळण्यात जो वेळ जातो, त्यातच पुनर्रचनेची संधी निघून जाते.

सहकर्जदार आणि जामीनदार यांचा विचार वाटाघाटीत बहुधा राहून जातो. करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि खात्याचा शेरा त्याच्याही अहवालात उतरतो. भावाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला स्वतःचा एकही हप्ता न चुकवता ‘सेटल्ड’ खात्याचा भार वाहावा लागतो. तडजोडीची बोलणी त्याला न सांगता उरकणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

कागदांच्या बाबतीत कोणतीही सैल वृत्ती परवडत नाही. वसुली प्रतिनिधीचा दूरध्वनी किंवा मोबाइलवरचा संदेश म्हणजे तडजोड नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार तडजोड मंजूर करणारा अधिकारी मूळ कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा असावा लागतो, त्यामुळे शाखेतील तोंडी आश्वासनाला आधार नसतो. बँकेच्या अधिकृत पत्रात खाते क्रमांक, एकूण येणे, तडजोडीची रक्कम, भरण्याच्या तारखा, ही रक्कम संपूर्ण येण्यापोटी स्वीकारली जात असल्याचे स्पष्ट वाक्य, सहकर्जदार व जामीनदार यांची मुक्तता, धनादेश परत करणे, चालू दावे व तक्रारी मागे घेणे आणि पतमाहिती कंपन्यांना कोणता शेरा कळवला जाईल, हे सर्व असले पाहिजे. दावा न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात असेल तर तेथे संमतीचा हुकूमनामा घ्यावा लागतो. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणाचा निवाडाही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. कर्ज दरम्यान मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बँकांची बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या संस्थेला, विकले गेले असेल, तर हस्तांतराचे पत्र पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, कारण जुन्या बँकेशी केलेली बोलणी नव्या मालकाला बांधत नाहीत. पैसे नेहमी कर्जखात्यातच भरावेत, व्यक्तीच्या खात्यात कधीही नाही.

शेऱ्याबाबत वाटाघाटीत एक जागा अनेकदा मोकळी असते आणि ती फार थोडे लोक वापरतात. मुद्दल आणि नियमित व्याज पूर्ण भरून फक्त दंड व शुल्क सोडण्याची विनंती करता येत असेल, तर त्या बदल्यात खाते Closed म्हणून कळवण्याचे लेखी आश्वासन मागावे. बँक ते नाकारू शकते, पण न मागता ते मिळत नाही. तडजोड होऊन गेल्यावरही, परिस्थिती सुधारली की सोडलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवून शेरा बदलून मागता येतो. आपल्या उदाहरणातील माणसाने गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी ही चौकशी केली पाहिजे, कारण पाच वर्षांत जादा व्याजापोटी जाणारी आणि शेरा बदलण्यासाठी लागणारी रक्कम जवळपास सारखीच आहे, आणि दुसऱ्या मार्गाने निदान नोंद तरी शुद्ध होते. हा बदल पतमाहिती कंपनी स्वतःहून करत नाही. बँकेने कळवल्यावरच ती करते. त्यामुळे पैसे घेऊन शेरा काढून देणारे दलाल जे विकतात, ते त्यांच्या हातात नसते.

तडजोडीनंतर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणे नसल्याचा दाखला, घ्यावा आणि दीड-दोन महिन्यांनी चारही कंपन्यांचा अहवाल तपासावा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. खाते अजून थकीत किंवा निर्लेखित दिसत असेल, तर लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार तक्रार तीस दिवसांत निकाली न निघाल्यास त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, आणि तक्रारीची तारीख सिद्ध करणारा कागद हाती असेल तरच ती मागता येते. तडजोडीचे पत्र, भरणा पावत्या आणि बेबाकी दाखला हे तीन कागद कर्जदाराने घराच्या खरेदीखताइतक्याच काळजीने आयुष्यभर जपावेत : अधिकारी बदलतात, शाखा विलीन होतात, बँकांची नावे नाहीशी होतात, आणि दहा वर्षांनी एखादी वसुली कंपनी जुन्या यादीतून तेच खाते पुन्हा उकरून काढते, तेव्हा देणे संपल्याचा पुरावा या तीन कागदांपलीकडे बहुधा कोठेही उरलेला नसतो.